सोळा खोल्यांची वाट

डेरेक यूच्या 'स्पेलंकी'त मी शेकडो वेळा मेलोय. मेलं की सगळं संपतं. सोनं, बॉम्ब, दोर सगळं जातं आणि पुन्हा पहिल्या लेव्हलपासून सुरुवात. ती लेव्हलही आता वेगळी असते, म्हणजे आधीचा नकाशा पाठ करून काही उपयोग नाही. तरी गेमवर राग येत नाही, आणि त्याचं कारण मला २००८ सालच्या मूळ फुकट आवृत्तीचं गणित समजल्यावर कळलं.

प्रत्येक लेव्हल म्हणजे चार बाय चारची जाळी, एकूण सोळा खोल्या. वरच्या ओळीतली एक खोली प्रवेशाची ठरते आणि मग संगणक एक ते पाचमधला आकडा काढतो. एक-दोन आले तर डावीकडे, तीन-चार आले तर उजवीकडे, पाच आला तर खाली. समजा सुरुवात दुसऱ्या खोलीत झाली. चार आला, तिसरीत गेलो. मग पाच आला, म्हणजे या खोलीला खालून भोक हवं आणि तिच्या खालच्या खोलीला वरून. पुढे दोनदा डावीकडचे आकडे आले की आपण कडेच्या खोलीत. तिथून पुन्हा डावीकडे जायचं म्हटलं तर भिंत आहे, म्हणून वाट खाली वळते. शेवटच्या ओळीतून खाली जायची वेळ आली की तिथे बाहेरचं दार.

खोल्या मात्र संगणक शून्यातून बनवत नाही. त्यांचे साचे माणसाने हाताने आखलेले असतात आणि साच्यातल्या काही विटा, काही अडथळे तेवढे नशिबावर सोडलेले असतात. वाटेबाहेरच्या खोल्या बंदही असू शकतात, तिथे बॉम्ब लागतो. पण दारापर्यंतची वाट बॉम्ब आणि दोर न वापरता पार करता येते, हे आधीच ठरलेलं असतं.

आता वाट आहे म्हणजे ती सुरक्षित आहे असं नाही. भिंतीतला बाणाचा सापळा समोरून काहीही हललं की सुटतो आणि चारपैकी दोन हृदयं घेऊन जातो. पण 'काहीही' म्हणजे खरंच काहीही. तुम्ही दगड फेकलात तरी बाण सुटतो, वटवाघूळ आडवं गेलं तरी सुटतो. सापळ्याला तुम्ही कोण हे माहीतच नसतं. शिवाय तो भिंतीत स्पष्ट दिसतो. खालच्या काट्यांचंही तसंच: वरून त्यांवर पडलात की थेट मरण, पण उडी मारण्याआधी वाकून खाली बघता येतं. बहुतेक वेळा आपण बघत नाही, घाई असते.

म्हणून मेल्यावर मी शेवटचे दोन सेकंद मनात मागे फिरवतो. जवळपास दरवेळी तिथे एक दगड पडलेला असतो.