पीएम किसानच्या फाइलचा इशारा : घाबरवणारा मेसेज आम्ही परत कसा लिहिला

आज कापूस-तुरीचं नाही, फोनचं लिहितोय. हप्ता जवळ आला की ग्रुपवर एक फाइल फिरते. नाव असतं PM Kisan Yojana.apk किंवा PM KISAN LIST.apk. वरून तिरंगा, योजनेचं चिन्ह, आणि खाली ‘यादीत आपले नाव पहा’. ती फाइल म्हणजे यादी नव्हे, चोरट्यांनी बनवलेलं ॲप आहे. हे आता बऱ्याच जणांना माहीत झालंय. पण तिच्या मागोमाग जे इशारे फिरतात, त्यांचंही काही खरं नाही.

आमच्या ग्रुपमधल्या एका मित्राच्या चुलतभावाने ती फाइल फोनवर चढवली. कापूस विकून आलेल्या पैशांतले ४८ हजार रुपये रात्रीतून गेले. लाजेपायी त्याने दोन दिवस घरात कुणाला सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी मित्राला कळलं. त्याने संतापाच्या भरात मेसेज लिहिला आणि पाच-सहा ग्रुपवर टाकला. तो जसाच्या तसा असा होता :

‘सावधान!! सावधान!! पीएम किसानच्या नावाने आलेला कोणताही मेसेज उघडला की २ मिनिटांत खातं रिकामं!!! केवायसीच्या नावाखाली लूट चालू आहे, कोणीही केवायसी करू नका!! शेकडो शेतकरी बरबाद!! अनोळखी नंबरवरून आलेलं काहीही उघडू नका. फसलात तर १५५२६० ला फोन लावा. १० ग्रुपवर पाठवा, नाहीतर उद्या तुमचा नंबर!!!’

मनातून चांगलंच होतं. पण आठ दिवसांत माझ्याच चुलतीने केवायसीला जायला नकार दिला. ‘मेसेज आलाय, खातं रिकामं होतंय,’ म्हणाली. पीएम किसानला ई-केवायसी सक्तीची आहे. ती नसेल तर २ हजारांचा हप्ता अडकतो. म्हणजे चोराने एकाला लुटलं, आणि इशाऱ्यामुळे दुसऱ्याच बाईचा हक्काचा पैसा थांबायची वेळ आली.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघंही कामानिमित्त शहरात होतो. क्रांती चौकात महाराजांच्या पुतळ्याजवळ भेटलो. तिथं चहा घेता घेता मी म्हणालो, ‘तुझा मेसेज परत लिहू.’ त्याला राग आला. ‘भाऊ बुडाला माझा, अन् तू शुद्धलेखन तपासतो का?’

मी त्याला गुलाबी बोंडअळीचं उदाहरण दिलं. कृषी विभागाचा इशारा कसा असतो? ‘अळी आली, कापूस गेला, पळा’ असं कुणी लिहीत नाही. कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस रोज ८ पतंग सापडले तर आर्थिक नुकसानीची पातळी गाठली, असं लिहितात. म्हणजे कीड ओळखायची कशी, कोणत्या टप्प्यावर हालचाल करायची आणि काय करायचं, हे तिन्ही त्यात येतं. नुसत्या घाबरलेल्या माणसाला यातलं काहीच कळत नाही. तो एक तर उगाच फवारतो, नाहीतर हातपाय गाळून बसतो. तो गप्प झाला, मग म्हणाला, ‘बरं, घे वाचायला.’ आम्ही एकेक ओळ धरली.

पहिली ओळ, ‘मेसेज उघडला की खातं रिकामं.’ या फसवणुकीत असं होत नाही. मेसेज वाचला, फाइल फोनमध्ये उतरली, एवढ्याने पैसे जात नाहीत. फाइलवर बोट लावलं की फोन विचारतो, बाहेरून आलेलं ॲप चढवायचं का? हो म्हटलं तर ते चढतं. मग ते ॲप एसएमएस वाचायची परवानगी मागतं. तीही दिली की बँकेचे ओटीपी चोराला दिसायला लागतात. शिवाय ॲप उघडल्यावर आधार, खातं, पिन भरायला लावतं. म्हणजे वाटेत तीन-चार दारं आहेत आणि प्रत्येक दारावर थांबता येतं. ‘उघडलं की संपलं’ असं सांगितलं तर पहिल्या दारातला माणूस उगाच घाबरतो, आणि शेवटच्या दारातला ‘आता काय उपयोग’ म्हणून बसून राहतो. चुलतभावाचं तेच झालं होतं.

दुसरी ओळ, ‘केवायसी करू नका.’ ही तर सरळ काढूनच टाकली. त्याऐवजी केवायसी कुठे करायची ते लिहिलं. pmkisan.gov.in वर ओटीपीने होते, सीएससी केंद्रावर अंगठ्याने होते, आणि योजनेच्या ॲपमध्ये चेहरा दाखवूनही होते. ते ॲप प्ले स्टोअरवर PMKISAN GoI या नावाने आहे. खरी वाट दाखवल्याशिवाय नुसतं खोट्या वाटेवर काटे टाकून भागत नाही.

तिसरी, ‘अनोळखी नंबरवरून आलेलं उघडू नका.’ ऐकायला बरोबर वाटतं. पण चुलतभावाला फाइल आली ती गावातल्याच ओळखीच्या माणसाकडून. त्याचा फोन आधी ताब्यात गेला होता, आणि त्याच्या व्हॉट्सॲपवरून फाइल आपोआप सगळ्या ग्रुपवर गेली. म्हणून कुणी पाठवलं यापेक्षा फाइलच्या नावाचा शेवट पाहायला सांगितलं. फोटोच्या शेवटी .jpg असतं, यादी किंवा परिपत्रकाच्या शेवटी बहुधा .pdf. शेवटी .apk असेल तर ते ॲप आहे, मग वर नाव काही असो. लग्नपत्रिका असो, गाडीचं चलान असो, नाहीतर बँकेचं अपडेट. ही ओळख आजोबांनाही शिकवता येते.

चौथी, ‘शेकडो शेतकरी बरबाद.’ मी विचारलं, ‘मोजले का तू?’ तो म्हणाला, ‘नाही, मला एकच माहीत आहे.’ मग एकच लिहायचं. माहितीतल्या एकाचे ४८ हजार गेले, हे वाचून माणूस थांबतो. शेकडो म्हटलं की दुसऱ्या गावची गोष्ट वाटते. चुलतभावाला विचारूनच लिहिलं, आणि नाव टाकलं नाही. नाव छापलं असतं तर पुढचा फसलेला माणूस दोन नाही, चार दिवस लपवेल.

पाचवी ओळ सगळ्यात महागात पडणारी होती. १५५२६० हा सायबर फसवणुकीचा जुना नंबर. २०२१ मध्ये तो सुरू झाला आणि पुढे बदलून १९३० झाला, पण जुन्या मेसेजांतून तो अजून फिरतोय. त्यात १५५२६१ ही पीएम किसानची चौकशी लाइन आहे, म्हणजे एका आकड्याचा फरक. पैसे गेलेल्या माणसाला चुकीचा नंबर देणं म्हणजे साप चावल्यावर बंद दवाखान्याचा पत्ता देणं.

आणि इथं वेळेला किंमत आहे. १९३० वर तक्रार गेली की पैसे ज्या बँकेत वळवले तिला निरोप जातो, आणि त्या खात्यात जे शिल्लक असेल ते गोठवता येतं. चोर पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात फिरवतो आणि एटीएममधून काढून घेतो. काढलेला पैसा गोठवता येत नाही. म्हणून १९३० ला फोन केला की पैसे परत मिळतातच, असंही आम्ही लिहिलं नाही. बँकेला कळवणंही तितकंच गरजेचं आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमानुसार, ग्राहकाच्या निष्काळजीपणाने पैसे गेले तरी, बँकेला कळवल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेवर येतं. त्यामुळे ‘चूक माझीच आहे’ म्हणून गप्प बसण्यात नुसता तोटा आहे.

शेवटची ओळ, ‘१० ग्रुपवर पाठवा,’ काढली. तिच्या जागी तारीख टाकली. तारीख असली की सहा महिन्यांनी वाचणाऱ्याला कळतं, नंबर एकदा तपासून घ्यावा.

तयार झालेला मेसेज हा :

‘(आजची तारीख) पीएम किसानच्या नावाने .apk फाइल फिरत आहे. ओळखीच्या नंबरवरूनही येऊ शकते. आपल्या माहितीतल्या एकाचे ४८ हजार गेले.

फाइल फक्त आली असेल : डिलीट करा. पैसे जात नाहीत. पाठवणाऱ्याला फोन करून सांगा, त्याचा मोबाइल ताब्यात गेलेला असू शकतो.

फाइल चढवली असेल : फोन लगेच विमान मोडवर टाका, वायफायही बंद करा. दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला फोन करून खातं, एटीएम कार्ड आणि यूपीआय बंद करायला सांगा. तक्रार क्रमांक लिहून घ्या.

पैसे गेले असतील : लगेच १९३० ला फोन करा. खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहार क्रमांक जवळ ठेवा. cybercrime.gov.in वर किंवा पोलीस ठाण्यात तक्रार द्या. नंतर फोन जाणकाराकडून रिसेट करून घ्या, तोवर त्यात बँकेचं काही करू नका.

ई-केवायसी खरी आहे आणि करायची आहे. pmkisan.gov.in किंवा सीएससी केंद्रावर करा.

अडचण आली तर मला फोन करा, कुणाला सांगणार नाही.’

शेवटची ओळ मित्राने स्वतःहून घातली.

जुना मेसेज आता सगळ्यांसाठी डिलीट होत नव्हता. म्हणून त्याने प्रत्येक ग्रुपवर त्याच मेसेजला उत्तर म्हणून नवा टाकला आणि वर लिहिलं, ‘आधीच्या मेसेजमधला नंबर आणि केवायसीची गोष्ट चुकीची होती, हा वापरा.’ ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तेच बोलून व्हॉइस मेसेज टाकला, दीड मिनिटाचा.

जुन्या मेसेजला हात जोडलेले चाळीसेक इमोजी आले होते, फोन एकही नाही. नव्याला इमोजी मोजकेच. पण दुसऱ्या दिवशी सकाळी एका पोराचा मित्राला फोन आला, ‘दादा, वडिलांनी काल फाइल चढवलीय, पैसे अजून आहेत. आधी काय करू?’ मित्राने ओळीने वाचून दाखवलं. बँकेने खातं थांबवलं, पैसे वाचले. चुलतीची केवायसीही सीएससी केंद्रावर अंगठ्याने झाली.

मेसेज हवा असेल तर कॉपी करून घ्या. रकमेची ओळ तुमच्या माहितीतली खरी असेल तरच ठेवा, नाहीतर काढा. तारीख तेवढी स्वतःची टाका.