जर मी तेव्हा बाबांना सांगितलं असतं



हा लेख मी तीनदा लिहून पुसला. ह्यांना वाचायला दिला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "नाव नको टाकू कोणाचं." तेव्हा नाव नाही.

माझं सासर-माहेर दोन्ही कुहीतच. 1996-97 साली मी नागपूरला कॉलेजात होते. तेव्हा नागपूर-नागभीड छोटी गाडी चालायची, नॅरोगेजची. ती उमरेडकडून यायची आणि तो आधीच डब्यात बसलेला असायचा. तोही जैनच, पण पोटजात वेगळी, आणि त्या काळी आमच्याकडे तेवढं पुरेसं होतं. शेवटच्या वर्षी तो म्हणाला, "तू आधी घरी सांग, मग मी माझ्या घरच्यांना आणतो." मी आठ दिवस मागितले. आठाचे पंधरा झाले, मग परीक्षा आली, मग बाबांची तब्येत. दीड वर्षाने त्याच्या लग्नाची पत्रिका मैत्रिणीच्या घरी पाहिली. माझंही पुढच्या वर्षी झालं. संसार चांगला झाला. हे मी मनाला समजवायला लिहीत नाही, खरंच चांगला झाला.

तरी पंचवीस वर्षं एक वाक्य डोक्यात राहिलं: जर त्या आठवड्यात सांगितलं असतं तर? पोळ्या लाटताना, दुकानाची वही लिहिताना ते यायचं. सामायिकाला बसले की हमखास यायचं. सामायिक म्हणजे एक मुहूर्त, 48 मिनिटं. त्यातली चाळीस मी छोट्या गाडीच्या डब्यात काढली, असे किती दिवस गेले याचा हिशेब नाही. ह्यांच्याशी भांडण झालं की हे जास्त होतं असं मला वाटायचं. लक्ष ठेवलं तेव्हा उलटंच दिसलं. भांडणात मन कामात असतं. दुपारी घर शांत असलं, मुलगी शाळेत, हे दुकानात, की त्या रिकाम्या जागेत ते येऊन बसायचं.

मी याला आठवण समजत होते. तीन वर्षांपूर्वी दशलक्षण पर्वात समजलं की तसं नाही. पर्वात रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय होतो. नवव्या दिवशी, आकिंचन्याच्या दिवशी, नववा अध्याय. त्यात आर्तध्यानाचे चार प्रकार येतात. नको ते वाट्याला आलं आणि ते जावं म्हणून मन घोळत राहतं, तो एक. आवडतं दुरावलं आणि ते परत मिळावं म्हणून घोळत राहतं, तो इष्टवियोगज. दुखण्याचंच चिंतन, तो तिसरा. आणि चौथा निदान, म्हणजे पुढे अमुक भोग मिळो अशी मनाशी धरलेली मागणी. हे सगळं लहानपणापासून पाठ होतं. पण त्या दिवशी पंडितजींनी एक गोष्ट सांगितली जी कधी कानावर नीट पडली नव्हती. पहिले तीन प्रकार सहाव्या गुणस्थानापर्यंत, म्हणजे महाव्रत घेतलेल्या मुनींनाही प्रमादामुळे कधी होऊ शकतात. निदान मात्र तिथे नाही. ते शल्य आहे, माया आणि मिथ्यात्वाच्या रांगेतलं. काटा रुतलेला असेल तर व्रत हे व्रत राहत नाही.

ऐकताना माझा घसा कोरडा पडला, आणि ते काही उपवासामुळे नव्हतं. लग्नानंतर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मी दहा दिवस एकाशन केलं होतं. शेवटच्या दिवशी वेदीसमोर हात जोडून मनात म्हटलं होतं, पुढच्या जन्मी तरी. सासूबाईंनी त्या एकाशनाचं कौतुक गावभर केलं होतं.

घरी येऊन वहीच्या मागच्या पानावर मी ते "जर" पूर्ण लिहून काढायचं ठरवलं. जर बाबांना सांगितलं असतं, तर बाबा नाही म्हणाले असते. आमच्या घरात त्या वर्षी हो कोणी म्हटलंच नसतं. मग दुसरं जर लागलं: जर मी हट्ट धरला असता. मी हट्ट धरणारी नव्हते, आजही नाही. मग तिसरं: जर काकांनी बाजू घेतली असती. चौथं: जर त्याच्या आईने मला घरात घेतलं असतं. पाचवं: जर त्याची नोकरी टिकली असती. एका जरला उभं करायला पाच जर लागले, आणि दुसऱ्यापासून पुढे त्यात मी मी नव्हते, बाबा बाबा नव्हते. शिवाय त्या सगळ्या चित्रात तो तेवीस वर्षांचाच होता. तिथे कधी सिलिंडर संपलं नाही, कोणाला ताप आला नाही, सूर्यास्ताआधी जेवण उरकायची घाई नाही.

आठवण कशी ओळखायची, ते मला या पानावरून कळलं. आठवणीत नको असलेलंही असतं. डब्यातली गर्दी, कोळसामिश्रित धूळ, त्याचं उशिरा येणं, आमचं एकदा झालेलं भांडण. ते आलं तर तो वियोग, आणि तो रडून सरतो. ज्या चित्रात सगळं हवं तसंच असतं ते झालेलं नसतं. ती मागणी असते, भूतकाळाचे कपडे घातलेली.

जंबूस्वामींच्या पूर्वभवाची कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. भवदेव नवी नवरी नागिला (काही ग्रंथांत नागवसू) हिला सोडून थोरल्या भावाच्या शब्दाखातर मुनी झाला. वेष मुनीचा, मन तिच्यापाशी. भाऊ गेल्यावर तो गावी परतला आणि देवळाशी भेटलेल्या एका कृश बाईला विचारू लागला, नागिला कुठे आहे? ती बाई नागिलाच होती. तिनेच त्याला सावरलं. कथा सांगणारे तिच्या उपदेशावर भर देतात. मला मात्र तो प्रश्न जास्त लागतो. इतकी वर्षं जिचं ध्यान केलं, ती समोर उभी राहिली तेव्हा त्याला ओळखू आली नाही.

मागच्या वर्षी रामटेकला शांतिनाथ भगवंतांच्या दर्शनाला गेलो होतो. चपला काढत होते, मागून आवाज आला, "ताई, गाळलेलं पाणी कुठे मिळेल इथे?" आवाजावरून ओळखलं. चेहरा पाहून ओळखलं नसतं. पोट सुटलेलं, केस गेलेले, सोबत गुडघ्याला पट्टा बांधलेली त्याची बायको. पाणी तिच्यासाठी हवं होतं. मी हाताने दाखवलं. तो "बरं ताई" म्हणून गेला. त्याने मला ओळखलं नाही.

ह्यांनी विचारलं, कोण होतं? मी म्हटलं, कुणी पाणी विचारत होतं. गाडीत बसल्यावर खरं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, "मग पाणी आणून द्यायचं होतं ना तिला."

त्यानंतर विचार थांबले असं सांगितलं तर खोटं होईल. आठच दिवसांनी नवीन जर उगवलं: मी नाव घेऊन हाक मारली असती तर? हसू आलं, पण ते आलंच. आता सामायिकात असं काही आलं की मी त्याला हाकलत नाही, हाकललं की ते चिकटतं हे पाहिलं आहे. फक्त विचारते, यात नको असलेलं काय आहे? नसेल तर पुन्हा णमोकार पहिल्या पदापासून. परवा 48 मिनिटांत अकरा वेळा पहिल्या पदावर यावं लागलं. काल सात वेळा.

छोटी गाडी 2019 मध्ये ब्रॉडगेजसाठी बंद झाली. आणि त्या जुन्या एकाशनाची गोष्ट सासूबाईंना सांगायची अजून राहिली आहे. या पर्युषणात क्षमावाणीच्या दिवशी सांगेन म्हणते.