शेततळ्याचे माप आणि अस्तर

जालना जिल्ह्यातील आमची जमीन संपूर्णपणे कोरडवाहू. सोयाबीन निघाल्यावर त्याच रानात हरभरा पेरावा, परतीच्या पावसाची ओल असेल तोवर तो वाढावा आणि फुलोऱ्याच्या तोंडावर ओल तुटून घाटे अर्धवट भरावेत, हा आमच्याकडील बहुतेक वर्षांचा शिरस्ता होता. त्या एका क्षणी मिळणारे एक पाणी उत्पन्नाचा कायापालट करते, हे शिवारातील विहीरवाल्यांची राने पाहून आम्हांला ठाऊक होते. त्यामुळे 2016 साली शासनाने ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना जाहीर केली तेव्हा अर्ज करावा की नाही, हा वाद आमच्या घरी झाला नाही. वाद झाला तो तळ्याच्या आकारमानाविषयी.

योजनेत 15 मीटर लांबीरुंदीच्या लहान तळ्यापासून 30 मीटर लांबीरुंदीच्या मोठ्या तळ्यापर्यंत निरनिराळी मापे होती आणि खोली सर्वांची 3 मीटर. थोरल्या बंधूंचे म्हणणे सरळ होते, “खणायचेच आहे तर मोठे खणू. पाणी जास्त झाले म्हणून कोणी रडत नाही.” मी त्यांना म्हटले, “दादा, तळे मोठे केल्याने पाणी मोठे होत नाही. आधी येणारे किती आणि लागणारे किती, ते मांडून पाहू.” त्यानंतर वहीवर जो हिशेब केला, तो येथे सविस्तर देतो, कारण शेततळे फसते ते बहुधा हा हिशेब न केल्यामुळे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमच्या वरच्या अंगाला जेथून पाणी वाहून येते ते क्षेत्र, शेजाऱ्यांची राने धरून, सुमारे 3 हेक्टर. पाऊस सरासरीने 700 मिलिमीटरच्या आसपास. परंतु नांगरटीची काळी जमीन आरंभीचा पाऊस स्वतःच पिऊन टाकते आणि तिची तृषा भागल्यावरच पाणी वाहू देते, म्हणून पडणाऱ्या पावसाचा दहावा हिस्सा तळ्यापर्यंत पोहोचतो असे मी धरले. चांगल्या वर्षी हे 2100 घनमीटर होतात. पाऊस 450 मिलिमीटरवर थांबला, तर मात्र वाहणारा हिस्साही दहाव्यावरून विसाव्यावर येतो आणि हाती पडतात जेमतेम पावणेसातशे घनमीटर. तळ्याची परीक्षा अशाच वर्षी होते.

आता गरज. अडीच एकर, म्हणजे 1 हेक्टर, हरभऱ्याला 50 मिलिमीटरचे एक पाणी द्यायचे तर 500 घनमीटर लागते. तुषार संचातील नासाडी धरून 650. सप्टेंबरअखेर भरलेले तळे नोव्हेंबरअखेरपर्यंत राखायचे, त्या दोन महिन्यांत रोज 4-5 मिलिमीटर पाणी ऊन आणि वारा घेऊन जातात, ते सुमारे 160 घनमीटर. आणि तळाचे फूटभर गढूळ पाणी पंपाला उचलता येत नाही, ते 80. एकूण 890.

25 मीटरच्या तळ्याची धारणक्षमता कागदोपत्री 1281 घनमीटर भरते. बाजूंना एकास दीड असा उतार दिल्यामुळे तळाशी केवळ 16 मीटरचा चौक उरतो, हे या आकड्यात जमेस धरलेले असते. परंतु वरचा अर्धा मीटर लाटांसाठी आणि आकस्मिक पुरासाठी कोरडा ठेवावा लागतो, हे त्यात नसते. तो वजा केला की खरी साठवण 987 राहते. 20 मीटरच्या तळ्यात अशी वजावट केल्यावर साडेपाचशेच उरतात, ते अपुरे. 30 मीटरच्या तळ्यात दीड हजारांहून अधिक मावतात, पण दुष्काळी वर्षी ते अर्धेही भरले नसते, आणि चांगल्या वर्षीही विस्तृत पृष्ठभागामुळे बाष्पीभवन वाढले असते, शिवाय अधिक जमीन अडकली असती ती निराळीच. ऑगस्टात पावसाचा खंड पडला तर सोयाबीनला द्यायचे पाणी मी वेगळे मांडले नाही, कारण चांगल्या वर्षी सप्टेंबर तळे पुन्हा भरतो. दादांनी वही दोनदा वाचली आणि 25 मीटरवर शिक्कामोर्तब केले.

अस्तर घालावे की नाही, हा प्रश्न जमिनीनेच सोडवला. वर मीटरभर काळी माती आणि तिच्याखाली मुरूम. मुरुमापर्यंत खड्डा घेऊन तो संध्याकाळी काठोकाठ भरला, तर सकाळी त्यात केवळ चिखल होता. खाली आमची विहीर असती, तर हा पाझर मी आनंदाने स्वीकारला असता. अस्तर न केलेले तळे विहिरीला जो आधार देते तो कमी लेखण्याजोगा नाही. परंतु आम्हांला नोव्हेंबरचे पाणी हवे होते, म्हणून 500 मायक्रॉनचा कागद घेण्याचे ठरले. शिवारात प्लॅस्टिकच्या या जाड अस्तराला सारे कागदच म्हणतात.

कागदाचे माप काढताना तळ्याची उभी खोली नव्हे, तर उताराची तिरपी लांबी मोजावी लागते. ती एका बाजूस 5.41 मीटर. तळाचे 16, दोन्ही उतारांचे मिळून 10.82, आणि काठावरून पुढे जाऊन चरात गाडण्यासाठी प्रत्येक बाजूस दीड मीटर, असे मिळून 30 मीटरच्या जवळ. कागद सैल पडावा म्हणून 31 मीटरचा चौरस मागवला. पसरण्यापूर्वी उतारावरचा प्रत्येक टोकदार खडा आणि मुळी हाताने वेचून वर चाळलेल्या मातीचा थर दिला. जोडणारे कारागीर पहाटेच आले, कारण दुपारच्या उन्हात प्रसरण पावलेला कागद त्याच वेळी चरात पक्का केला तर रात्री आकुंचन पावून सांध्यांवर ताण देतो. एकाने तापल्या यंत्राने सांधा जोडावा आणि दुसऱ्याने त्यावर बोट फिरवत मागून जावे, कोठे कडा सुटलेली लागली तर तेथेच हाक द्यावी, असे ते काम चालले होते. चर त्यांनी लगेच बुजवला नाही. तळाशी थोडे पाणी सोडून कागद आपल्या वजनाने बसल्यावरच माती लोटली.

वरच्या रानांतून वाहून येणारे पाणी सरळ आत घेतले असते तर गाळाने तळे काही वर्षांत उथळ झाले असते आणि कागदाच्या मागे पाणी शिरून उताराची माती ढासळली असती. म्हणून आधी गाळ बसण्याचा दगडी हौद आणि त्यातून कागदावरून आत सोडलेला नळ, अशी व्यवस्था केली. खालच्या अंगाला सांडवा, भोवती तारेचे कुंपण, आणि कोणी पडलेच तर धरून वर येता यावे म्हणून चारही बाजूंना गाठी मारलेले दोर.

दुसऱ्या हिवाळ्यात तळ्याची पातळी संशयास्पद वेगाने उतरू लागली. काठाशी पाण्याने भरलेले घमेले ठेवून दोन्हींची घट रोज पट्टीने मोजली. घमेल्यात 4 मिलिमीटर, तळ्यात 20. वाफ दोन्हीकडे सारखीच होणार, तेव्हा उरलेले पाणी गळत होते. मग काही न करता थांबलो. एका पातळीस आल्यावर तळे घमेल्याच्या चालीने उतरू लागले. अर्थात भोक त्या रेषेच्या लगेच वर होते. पाण्याच्या काठाकाठाने कागद न्याहाळत गेल्यावर ईशान्येच्या कोपऱ्यात कुत्र्याच्या नखांचे ओरखडे आणि त्यांतील एका ठिकाणी बोटभर चीर सापडली. ती जागा पुसून, कोरडी करून, त्याच कागदाचा तुकडा गरम हवेने वर बसवला. राहिलेले पाणी अडीच एकरांना पुरणारे नव्हते. दीड एकर हरभरा भिजवला आणि उरलेला ओलीवर सोडला.

हल्ली आमच्या भागात कूपनलिकेचे पाणी उपसून असे अस्तराचे तळे भरण्याची चाल पडत आहे, तिचे मला मनापासून दुःख होते. भूगर्भात उन्हापासून सुरक्षित असलेले पाणी वीज खर्चून वर आणायचे आणि त्याचा एक भाग वाऱ्याला द्यायचा, यात साठवण कोणती? आमच्या तळ्यात आजवर पावसाखेरीज पाणी पडलेले नाही, आणि ज्या वर्षी पाऊस उणा येतो त्या वर्षी आम्ही ऑक्टोबरात पट्टी लावून पाणी मोजतो आणि हरभऱ्याचे क्षेत्र त्यानुसार ठरवतो.