एका ताऱ्याचं उत्तर

‘दोन हजार रुपये पाण्यात. तिसऱ्या दिवशी तळ उकलला, पाय तांबडे झाले आणि दुकानदाराला धड बोलायलाही वेळ नाही.’ वर एकच तारा, खाली चपलांचा फोटो. कोल्हापूरच्या चप्पल लाईनीत आमचं दुकान जुनं, पण गूगलवर आम्हाला कुणी असं पहिल्यांदाच धुतलं होतं. दिवस जुलैचे होते.

मुलगा म्हणाला, "बाबा, रिपोर्ट करून काढून टाकूया." तसं होत नाही. शिवीगाळ, खोटी ओळख, जाहिरात असलं काही असेल तर गूगल विचार करतं. गिऱ्हाइकाचा अनुभव कडू आहे, एवढ्यावर नाही. शेजारच्यानं सुचवलं, पाहुण्यारावळ्यांकडून दहा-बारा पंचतारे टाकून घे. ते नियमात बसत नाही, आणि गल्लीत कळलं तर हसं होतं ते वेगळंच.

मी आधी फोटो मोठा करून बघितला. तळाला म्हशीचं कातडं असतं, थरावर थर, आणि शिवण चामड्याच्याच वादीची. शिवण कच्ची असेल तर वादी तुटून किंवा निसटून काठाशी डोकावते, पण कातडं कडकच राहतं. पाणी मुरलं असेल तर कातडंच फुगतं, काळवंडतं, शिवणीची भोकं रुंदावतात आणि थर एकमेकांपासून सुटतात. फोटोत वादी शाबूत होती आणि अंगठ्याजवळ थर सुटले होते. म्हणजे चप्पल भिजली होती, आणि चांगलीच. पाय तांबडे झाले तेही त्यातलंच. आमचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं असतं. नवं कातडं भिजलं की त्यांचा कस पाण्याबरोबर उतरतो आणि पायाला लागतो. दोन-चार आंघोळींत जातो.

आता राग यायला मी मोकळा होतो. मनातल्या मनात लिहूनही झालं: ‘भर पावसात कोल्हापुरी कोण घालतं? या चपलेला २०१९ साली जीआय मिळालाय, माहिती आहे का?’ हे वाक्य गल्लीत टाळ्या घेऊन गेलं असतं. पण मालकाचं उत्तर त्या अभिप्रायाच्या खाली सगळ्यांना दिसतं. ते वाचणार कोण? पुण्या-मुंबईहून अंबाबाईच्या दर्शनाला निघालेलं, दुकान शोधणारं माणूस. त्याला जीआयशी देणंघेणं नाही. उद्या माझ्या चपलेचं काही झालं तर हा बुवा कसा वागेल, एवढंच त्याला बघायचं असतं. जीआय कापला. ‘कोण घालतं?’ तर आधीच कापलं. चारशे किलोमीटरवरून आलेल्याला आमचा रिवाज कुठून ठाऊक असणार?

बिल काढून बघितलं, माल आमचाच होता. पण बिल नंबर, तारीख, काय घेतलं हे उत्तरात घालायचं नाही असं ठरवलं. चारचौघांत गिऱ्हाइकाचा हिशेब मांडणं बरं नव्हे. पैसे परत देण्याचाही विचार आला. पण ते तिथं लिहिलं असतं तर गोकुळाष्टमीपर्यंत भिजक्या चपलांची रांगच लागली असती. दुरुस्ती मात्र आपल्या हातातली. थर पुन्हा बसवून नव्या वादीनं शिवता येतात, कारागीर रोज करतात. फक्त कातडं कुजलं नसेल तर. कुजलेलं शिवून टिकत नाही.

राहिलं ‘बोलायला वेळ नाही’. त्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. शनिवारी गर्दीत कुणाला काय वाटलं हे मी काय सिद्ध करणार? एक रात्र जाऊ दिली आणि सकाळी हे लिहिलं:

‘नमस्कार. चप्पल अशी झाली आणि गर्दीत नीट बोलणं झालं नाही, याचं वाईट वाटलं. फोटोवरून तळात पाणी मुरलेलं दिसतं. हे कातडं झाडपाल्यानं कमावलेलं असल्यानं पावसात टिकत नाही. पायाचा रंग त्याचाच आहे, धुऊन जाईल. चप्पल आणा किंवा कुरियरनं पाठवा. कातडं ठीक असेल तर तळ पुन्हा शिवून देऊ, मजुरी घेणार नाही. दुकानाचा फोन वर दिलेला आहे.’

मुलाला ‘वाईट वाटलं’ खटकलं, आपण चूक कबूल केल्यासारखं होतं म्हणाला. मला तसं वाटत नाही. गिऱ्हाईक दारातून तोंड पाडून परत गेलं तर वाईट वाटतंच, दोष कुणाचाही असो. ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ हे छापील वाक्य मात्र मी घालू दिलं नाही; ते बँकेच्या दारावर शोभतं.

गिऱ्हाईक आलं नाही, फोनही नाही. तारा एकचा एकच आहे. पण काउंटरवर आता लोक आपणहून विचारतात, "पावसात चालत नाही ना ही?" तुम्हीही विचारत जा. आणि भिजलीच तर उन्हात टाकू नका, कातडं तडकतं. सावलीत आडवी ठेवून वाळू द्या, मग तेलाचा हात फिरवा.