भाकरीचा आकडा

27 डिसेंबर
इंडियन डायटेटिक असोसिएशनच्या आर. डी. परीक्षेचा सराव-संच. तंतुमय पदार्थांवरचा प्रश्न: जेवणानंतरची साखर हळू चढावी यासाठी कोणता उपयोगी? सेल्युलोज, लिग्निन, गव्हाचा कोंडा, ग्वार गम. उत्तर ग्वार गम. पाण्यात फुगतो, दाट बुळबुळीत थर होतो, जठर हळू रिकामं होतं, ग्लुकोज आतड्याच्या भिंतीपर्यंत सावकाश पोचतं. गवारीच्या बियांतलाच हा डिंक.

28 डिसेंबर
अण्णांचा रिपोर्ट आला. साखर आहेच. रात्री नेहमीप्रमाणे तीन भाकऱ्या. "शाळवाच्या भाकरीनं साखर वाढत न्हाई पोरी." सगळं धाराशिव असंच म्हणतं.

29 डिसेंबर
ग्लायसेमिक इंडेक्सचा 2002 चा आंतरराष्ट्रीय तक्ता उघडला. ज्वारीची भाकरी 77. सत्तर आणि त्यावर म्हणजे उच्च, पंचावन्न किंवा कमी म्हणजे निम्न. बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत बसले.

ज्वारीच्या शंभर ग्रॅममध्ये तंतू दहा ग्रॅमच्या आसपास. पण त्यातले बहुतेक अविद्राव्य. ते पोट साफ ठेवतात, जेल करत नाहीत. शिवाय भाकरी थापता यावी म्हणून पीठ बारीक दळतो. दाण्याच्या पेशीभिंती फुटतात, स्टार्च उघडा पडतो, एन्झाइमला अडथळाच राहत नाही. तक्त्यात मैद्याचा ब्रेड आणि संपूर्ण गव्हाच्या पिठाचा ब्रेड जवळजवळ सारखेच का, हा प्रश्न इथेच सुटतो.

"तंतू जास्त म्हणून इंडेक्स कमी" हा पर्याय दिसला की हात आखडायचा.

30 डिसेंबर
येळवस. शेतात कोप, पांडव मांडले. भज्जीत तूर, हरभरा, वाल, मटार. ज्वारीच्या पिठाची अंबिल, बाजरीचे उंडे. अण्णा पोटभर जेवले, मीही.

या भज्जीत दाणे अख्खे असतात. डाळवर्गाची पेशीभिंत शिजवूनही बरीच शाबूत राहते आणि स्टार्च आत कोंडलेला असतो. प्रतिरोधी स्टार्चचा पहिला प्रकार पुस्तकात दोन ओळींत संपतो. आज तो ताटात होता.

2 जानेवारी
इंडेक्सची चाचणी पुन्हा वाचली. 1981 मध्ये टोरांटोत जेन्किन्स यांनी मांडलेली. पचण्याजोगे पन्नास ग्रॅम कर्बोदक मिळेल एवढं अन्न द्यायचं, दोन तास ठरावीक अंतरानं रक्त तपासायचं, उपाशी पातळीच्या वरचं क्षेत्रफळ मोजायचं आणि ग्लुकोजच्या क्षेत्रफळाशी ताडायचं. साधारण दहा जणांची सरासरी.

म्हणून अण्णांनी जेवणानंतर ग्लुकोमीटर लावला तरी तो भाकरीचा इंडेक्स नव्हे. दुसऱ्या ज्वारीचा, दुसऱ्या दळणाचा आकडाही वेगळा येईल. 77 हा एका मोजणीचा आकडा, सगळ्या शाळूचा नाही.

3 जानेवारी
पन्नास ग्रॅम कर्बोदक म्हणजे ज्वारीचं पीठ किती? शंभरात अडुसष्ट, म्हणजे चौऱ्याहत्तर ग्रॅम पीठ. आमच्या घरच्या दोन भाकऱ्यांना थोडं कमी. अण्णा तीन खातात. इंडेक्स किती खाल्लं हे सांगत नाही, ते ग्लायसेमिक लोड सांगतो.

एक भाकरी: पीठ 40 ग्रॅम, कर्बोदक 27. 27 गुणिले 77, भागिले 100. सुमारे 21. एका वाढीत वीस झाले की लोड जास्त. तीन भाकऱ्या: 62.

4 जानेवारी
इन्युलिन. पाण्यात विरघळतं, जिवाणू ते खातात, पण दाटपणा येत नाही. विद्राव्य म्हणजे साखर उतरवणारा असं नाही; दाटपणा बघायचा. मेथीदाणे आणि इसबगोल दाट होतात. लिग्निन तर कर्बोदकच नाही.

थंडी. हात गारठले.

6 जानेवारी
आईशी बोलले. भाकरी बंद करायची नाही, तिनं आधीच बजावलं. बरोबर आहे तिचं. मग ताट बदलायचं.

एक भाकरी, 27 ग्रॅम कर्बोदक, 77. जोडीला 40 ग्रॅम कोरड्या हरभऱ्याची उसळ, 16 ग्रॅम, इंडेक्स 28. लोड 21 आणि 4.5, मिळून पंचवीसच्या आसपास. एकूण कर्बोदक 43, म्हणजे ताटाचा इंडेक्स 59, मध्यम. हा हिशेब कर्बोदकांपुरता. तेल आणि प्रथिनं प्रत्यक्षात इंडेक्स आणखी खाली ओढतात.

7 जानेवारी
अण्णा एकीवर राजी नाहीत. "शेतात जायचं तर एका भाकरीनं कसं भागंल?" सकाळी शेतावर दोन, रात्री एक. रात्रीची उसळ मोठ्या वाटीत, हरभरा न वाटता.

9 जानेवारी
शिळी भाकरी. थंड होताना काही स्टार्च पुन्हा घट्ट बांधला जातो, म्हणजे प्रतिरोधी स्टार्चचा तिसरा प्रकार. किती, ते भाकरीच्या बाबतीत छातीठोक सांगता येणार नाही. अण्णांना ताकाबरोबर शिळी आवडतेच, तेवढ्यासाठी अडवणार नाही. मात्र शिळी म्हणून एक जास्त नाही.

11 जानेवारी
रात्री दोन तासांनी 168. मागच्या आठवड्यात, तीन भाकऱ्यांनंतर, 231 होता. अण्णांनी आकडा वाचून यंत्र परत डबीत ठेवलं आणि आईला विचारलं, "उद्या हरभरा भिजत घातला का?"