अ‍ॅप काढण्याआधी

जुन्या फोनमधलं इथेरियमचं वॉलेट आज रिकामं केलं. आधी थोडेसेच टोकन नव्या पत्त्यावर पाठवले. एक्स्प्लोररवर तो व्यवहार यशस्वी दिसला आणि नव्या वॉलेटमध्ये शिल्लक आली, तेव्हाच बाकीचे हलवले. ईथर मात्र शेवटपर्यंत राखून ठेवलं. टोकन पाठवायची फीसुद्धा ईथरमध्येच भरावी लागते. ते आधी संपवलं, तर टोकन डोळ्यांसमोर असूनही हलत नाहीत.

तरीही अ‍ॅप लगेच काढलं नाही. जुन्या पत्त्यावर उद्या कुणी काही पाठवलं, तर ते वॉलेट पुन्हा उघडायला कागदावरचे बारा शब्दच लागणार. शब्द लिहिलेले आहेत एवढ्यावर माझं मन भरत नाही. म्हणून कागद पाहून ते दुसऱ्या फोनवर भरले. एखादा शब्द चुकला, तर बहुतेकदा अ‍ॅप नकार देतं; पण सोळातला साधारण एक चुकीचा क्रमही चालून जातो आणि भलतंच रिकामं वॉलेट उघडतं. खरी खूण म्हणजे पत्ता. तो जुन्या फोनवरच्या पत्त्याशी पहिल्यापासून शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवला.

एक खातं मात्र दुसऱ्या फोनवर उगवलं नाही. ते खासगी किल्लीनं बाहेरून आणलेलं होतं, आणि अशी खाती या बारा शब्दांतून परत येत नाहीत. त्याची किल्ली वेगळी लिहून घेतली, तपासली. मग अ‍ॅप काढलं.