मार्गशीर्ष वद्य दशमी, म्हणजे नक्की कोणती तारीख?

आमचे सांगलीचे काका, म्हणजे तात्या, दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास सगळ्या भाऊबंदांना एक सूचना पाठवतात. २०२५ ची अशी होती : ‘मार्ग. शु. १५ दत्तजयंती, औदुंबर. मार्ग. व. १ पासून गोंदवले. व. १० पहाटे पुण्यतिथी. सर्वांनी यावे. शके १९४७.’ साताऱ्या-सांगलीकडच्या माणसाला यात काही अडत नाही. भिंतीवरचं कॅलेंडर काढलं की झालं. पण आमची पुतणी न्यू जर्सीत आणि मामेबहीण मेलबर्नला. त्यांच्या मुलांसाठी ही सूचना इंग्रजीत करण्याचं काम साताऱ्याला माझ्याकडे असतं, आणि भाषांतरापेक्षा जास्त वेळ तारखा काढण्यात जातो.

सूचना मिळताच पुतणीचा फोन आला. “काका, मी १४ नोव्हेंबरची रजा टाकू ना? फोनमधल्या पंचांगात मार्गशीर्ष कृष्ण दशमी त्याच दिवशी आहे.” ॲप चुकलं नव्हतं. त्यात उत्तर भारताची पद्धत लावलेली होती. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो, म्हणजे आधी शुद्ध पक्ष, मग वद्य. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून तिथे कृष्ण पक्ष आधी येतो. शुद्ध पक्षात दोन्हीकडे महिन्याचं नाव एकच असतं, त्यामुळे गणेशचतुर्थी किंवा दत्तजयंती काढताना हा फरक कधी जाणवतच नाही. वद्य पक्षात मात्र त्यांचं नाव आपल्यापेक्षा एक महिना पुढे असतं. आपली कार्तिक वद्य दशमी ती त्यांची मार्गशीर्ष कृष्ण दशमी. १४ नोव्हेंबरला नेमकी तीच होती. आपली मार्गशीर्ष वद्य दशमी आली १४ डिसेंबरला, रविवारी. आकडा तोच, फक्त महिना वेगळा, त्यामुळे पाहणाऱ्याला संशयही येत नाही.

हे ओळखायची माझी खूण साधी आहे. दत्तजयंती कुठे आहे ते बघायचं. आपल्या हिशेबात ‘मार्ग. व. १०’ ही दत्तजयंतीनंतरच येणार. काढलेली तारीख तिच्याआधीची निघाली तर पंचांग उत्तरेचं आहे असं समजावं. माघ वद्य नवमीला, सज्जनगडावरच्या दासनवमीला, हीच अडचण येते. तिथे माघी पौर्णिमा धरून मोजायचं.

यावर पुतणीचा पुढचा प्रश्न होता : गोंदवलेकर महाराज २२ डिसेंबर १९१३ ला गेले, मग दरवर्षी २२ डिसेंबरच का धरत नाही? मी तिला सांगितलं, त्या सोमवारी मार्गशीर्ष वद्य दशमी होती आणि गोंदवल्याचा उत्सव तिथीला बांधलेला आहे. २०२५ मध्ये २२ डिसेंबरला पौष शुद्ध द्वितीया होती, म्हणजे तोवर महिनाच बदललेला होता.

औदुंबरची ओळ वेगळ्या कारणाने अडली. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला की एक तिथी पुरी होते. चंद्राचा वेग कमीजास्त होत असल्याने तिथी कधी चोवीस तासांपेक्षा बरीच लहान असते, कधी मोठी. दिवसाला नाव मिळतं ते सूर्योदयाला चालू असलेल्या तिथीचं. गुरुवारी ४ डिसेंबरला पौर्णिमा लागली सकाळी साडेआठच्या पुढे आणि संपली दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेपाचला. साताऱ्या-सांगलीचा सूर्योदय तेव्हा सातच्या आसपास असतो. म्हणजे त्या पौर्णिमेला एकही सूर्योदय मिळाला नाही. हा तिथीचा क्षय. गुरुवारच्या चौकटीत चतुर्दशी आणि शुक्रवारच्या चौकटीत प्रतिपदा, मग ‘शु. १५’ कुठे लिहायची? दत्तजन्म सायंकाळचा. ४ तारखेच्या संध्याकाळी पौर्णिमा होती, म्हणून दत्तजयंती त्या गुरुवारीच. नुसता सूर्योदयाचा नियम लावून भागत नाही, त्या सणाला कोणती वेळ महत्त्वाची आहे तेही बघावं लागतं.

न्यू जर्सीत तीच पौर्णिमा ३ डिसेंबरच्या रात्री दहानंतर लागली आणि ४ ला संध्याकाळी सव्वासहाच्या आत संपली. तिथल्या ४ तारखेच्या सूर्योदयाला ती चालू होती, म्हणजे तिथे क्षय नाहीच. दशमीचं त्याहून निराळं झालं. आपल्याकडे ती १३ डिसेंबरला दुपारी साडेचारच्या पुढे लागून १४ च्या संध्याकाळी पावणेसातनंतर संपली, म्हणजे २६ तासांची तिथी. आपल्याला तिचा एकच सूर्योदय मिळाला, १४ चा. न्यू जर्सीच्या घड्याळात ती १३ च्या सकाळी सहाच्या सुमारास लागते आणि १४ च्या सकाळी आठनंतर संपते. तिथला सूर्योदय सव्वासातच्या जवळपास. म्हणून तिथल्या पंचांगात दशमी दोन दिवस दिसते.

अशा वेळी मी विचारून घेतो : तुम्ही घरी पूजा करणार, की इथला उत्सव इथल्या वेळेला पाहणार? घरी पूजा असेल तर त्यांनी त्यांच्या गावाचं पंचांग पाहावं, ते शास्त्राला धरून आहे. इथल्या उत्सवात मनाने सामील व्हायचं असेल, तर तिथी विसरून क्षण धरावा. गोंदवल्यात तो क्षण पहाटे ५ वाजून ५५ मिनिटांचा, गुलाल आणि फुलं उधळण्याचा. १४ डिसेंबरला आपल्याकडे ५.५५ होतात तेव्हा न्यू जर्सीत शनिवार १३ ची संध्याकाळ, ७.२५. मेलबर्नला त्यांचं उन्हाळी घड्याळ चालू असल्याने रविवार १४, सकाळचे ११.२५. ‘रविवारी पहाटे’ एवढंच कळवलं असतं तर पुतणी रविवारी पहाटे उठून बसली असती, आणि इथला उत्सव दहा-अकरा तासांपूर्वीच होऊन गेला असता.

म्हणून मी इंग्रजी सूचनेत तिथी जशीच्या तशी ठेवतो, पुढे ‘महाराष्ट्राच्या पद्धतीने’ असं लिहितो, मग भारतातला वार, तारीख आणि वेळ देतो, आणि खाली प्रत्येक गावाचं घड्याळ. महिना आकड्यात कधीच लिहीत नाही. उत्सवाचा पहिला दिवस, वद्य प्रतिपदा, ५ डिसेंबरला होता. ५/१२ असं लिहिलं तर अमेरिकेतली मुलं तो १२ मे वाचतात, आणि मेलबर्नची मुलं आपल्यासारखा ५ डिसेंबरच वाचतात. एकाच कागदावर दोन घरांना दोन तारखा, आणि दोघांनाही आपलीच खरी वाटते.

तात्यांच्या सूचनेतल्या शेवटच्या शब्दाकडे, ‘शके १९४७’ कडे, मुलं बघतही नाहीत. मी मात्र बघतो. शकाच्या आकड्यात ७८ मिळवले की इंग्रजी साल येतं, पण ते पाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंतच. जानेवारी ते फाल्गुन अमावास्या ७९ मिळवावे लागतात. मार्गशीर्ष वद्य दशमी बऱ्याचदा डिसेंबरात येते, म्हणून सवयीने ७८ मिळवले जातात. शके १९४८ ला ती सवय फसवेल. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. त्याने नंतरचे सगळे महिने पुढे ढकलले जातात, आणि मार्गशीर्ष वद्य दशमी जाते जानेवारी २०२७ च्या पहिल्या आठवड्यात. म्हणजे २०२६ या इंग्रजी वर्षात गोंदवल्याची पुण्यतिथी येतच नाही.

मेलबर्नच्या बहिणीला हे आत्ताच कळवून ठेवलं आहे. तिकडे जानेवारीत मुलांना उन्हाळ्याची सुट्टी असते, त्यामुळे तिला उलट सोयीचंच झालं. पुतणीला मात्र नाताळची रजा आठवडाभर पुढे ढकलावी लागेल. ती जमते का, ते ती तिच्या कामावर विचारून कळवणार आहे. तोवर गोंदवल्याला तिच्यासाठी खोली धरू नका, असं मी तात्यांना सांगितलं आहे.